मुदत संपत आलेला माल होलसेलरला स्वस्तात जातो, तेव्हा 'परत घेणार नाही' या अटीचा नेमका अर्थ काय?

दहा मिनिटांत घरपोच आलेल्या बिस्किटाच्या पुड्यावर पुढच्याच आठवड्याची तारीख दिसली, तर लोक आता गप्प बसत नाहीत. फोटो काढतात आणि सोशल मीडियावर टाकतात. अशा तक्रारी वाढल्यावर नोव्हेंबर २०२४ मध्ये एफएसएसएआय, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांची बैठक घेतली. ग्राहकाच्या हातात पडताना खाद्यपदार्थाची किमान ३० टक्के मुदत किंवा ४५ दिवस शिल्लक असले पाहिजेत, असं या कंपन्यांना सांगण्यात आलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये उत्पादक आणि आयातदारांना आणखी एक काम लागलं. मुदत संपलेला आणि बाजारातून परत आलेला माल किती होता आणि त्याचं पुढे काय केलं, याची माहिती दर तिमाहीला द्यायची. जून २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने धारावीतल्या एका क्विक कॉमर्स कंपनीच्या गोदामाचा परवाना निलंबित केला. मुदत संपलेला माल चांगल्या मालापासून नीट वेगळा ठेवला नव्हता, हे त्यामागच्या कारणांपैकी एक होतं.

ग्राहकासाठी हे चांगलंच झालं. पण यामुळे एक प्रश्न पुढे आला. दोन महिने मुदत उरलेला, खायला एकदम व्यवस्थित असलेला माल ऑनलाइन कंपनी घेणार नसेल, तर तो जातो कुठे?

त्याचं एक उत्तर प्रत्येक शहराच्या घाऊक बाजारात सापडतं. वितरक हा 'शॉर्ट एक्स्पायरी' माल होलसेलरला कमी भावात देतो आणि सोबत एक अट घालतो, 'माल परत घेतला जाणार नाही'. व्यवहार पूर्णपणे कायदेशीर आहे. तरीही यात भांडणं फार होतात, कारण ती एक ओळ दोन्ही बाजू आपापल्या सोयीने वाचतात.

वितरक तोट्यात माल का विकतो?

एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, पण हिशोबाची पद्धत बाजारातलीच आहे.

एका वितरकाकडे क्रीम बिस्किटांच्या ३०० पेट्या पडून आहेत. एका पेटीत ३० रुपये एमआरपीचे ४० पुडे, म्हणजे पेटीची एमआरपी १,२०० रुपये. वितरकाला पेटी ९६० रुपयांना पडली आहे आणि त्यावर ५ टक्के जीएसटी म्हणजे ४८ रुपये त्याने भरले आहेत. (बिस्किटांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ वरून ५ टक्क्यांवर आला आहे.) माल ६ ऑक्टोबर २०२५ चा, मुदत १८० दिवसांची, म्हणजे ४ एप्रिल २०२६ पर्यंत. आज १ फेब्रुवारी आहे. हातात ६२ दिवस आहेत.

१८० दिवसांचे ३० टक्के म्हणजे ५४ दिवस. हा निकष लावला तर ९ फेब्रुवारीनंतर ऑनलाइन कंपन्यांचा दरवाजा बंद होतो. ४५ दिवसांचा निकष धरला तरी १८ फेब्रुवारीच्या पुढे वाट नाही. आणि ही अट ग्राहकाच्या दारात पोहोचतानाची आहे, त्यामुळे कंपनीच्या गोदामाला माल त्याच्याही बराच आधी हवा असतो. थोडक्यात, तो दरवाजा आजच बंद झालेला आहे.

आता माल तसाच पडून राहिला तर काय? कंपनी भरपाई देणार नसेल, तर ५ एप्रिलला वितरकाचे पेटीमागे ९६० रुपये बुडतात. पण तोटा तिथे थांबत नाही. सीजीएसटी कायद्याच्या कलम १७(५)(एच) नुसार नष्ट केलेल्या किंवा खात्यातून काढून टाकलेल्या मालावर इनपुट टॅक्स क्रेडिट मिळत नाही. म्हणजे आधी घेतलेलं ४८ रुपयांचं क्रेडिटही परत करावं लागतं. पेटीमागचा तोटा होतो १,००८ रुपये. नष्ट करण्याचा आणि वाहतुकीचा खर्च वेगळाच.

तीच पेटी त्याने होलसेलरला ७२० रुपये अधिक जीएसटी या भावाने विकली, तर तोटा २४० रुपयांवर येतो. माल करपात्र विक्रीत गेला, त्यामुळे खरेदीपेक्षा कमी भाव मिळाला तरी क्रेडिट कायम राहतं. १,००८ आणि २४० यातला फरक पाहिला की वितरक भाव पाडायला तयार का होतो, हे कळतं.

किती माल द्यायचा, हे दिवस ठरवतात

इथे पहिली चूक होते. भाव चांगला मिळतोय म्हणून होलसेलर सगळ्या ३०० पेट्या उचलतो आणि वितरकही खूश होतो. खरं तर मोजणी शेवटच्या तारखेपासून उलटी करायला हवी.

किराणा दुकानात पुडा विकला जायला साधारण पंधरा दिवस धरा. घरी नेल्यावर तो संपायला दहा दिवस. म्हणजे होलसेलरच्या गोदामातून शेवटची पेटी निघताना निदान २५ दिवस शिल्लक हवेत. ४ एप्रिलच्या २५ दिवस आधीची तारीख येते १० मार्च. माल ३ फेब्रुवारीला होलसेलरकडे पोहोचला, तर त्याला विकायला मिळतात ३५ दिवस, म्हणजे पाच आठवडे.

हा होलसेलर या जातीच्या बिस्किटांच्या आठवड्याला ४० पेट्या विकतो असं धरू. पाच आठवड्यांत २०० पेट्या झाल्या. त्याच्यासाठी २०० हीच मर्यादा. वरच्या १०० पेट्या भाव कितीही पाडला तरी त्याच्याच गोदामात म्हाताऱ्या होणार. त्या वितरकाने स्वतःच्या सेल्समनमार्फत दुकानांत घालाव्यात, किंवा दुसऱ्या गावातल्या होलसेलरला विचारावं.

भाव कमी केल्याने खप थोडा वाढतो, हे खरं. पण तो किती वाढेल याचा अंदाज मागच्या अशाच एखाद्या ऑफरवरून बांधायचा असतो, उत्साहावरून नाही.

होलसेलरचा नफा किती पेट्यांवर टिकून आहे?

७२० रुपयांची पेटी जीएसटीसह ७५६ रुपयांना पडली. होलसेलर ती किराणा दुकानदाराला ८६० रुपयांना देतो. कर वगळला तर पेटीमागे साधारण ९९ रुपये सुटतात. २०० पेट्यांवर जवळपास २० हजार रुपये. ऐकायला छान वाटतं.

पण माल परत जाणार नाही. त्यामुळे न विकलेल्या प्रत्येक पेटीत ७२० रुपये बुडतात, आणि वितरकासारखंच त्यालाही ३६ रुपयांचं क्रेडिट परत करावं लागतं. म्हणजे एक पेटी उरली की ७५६ रुपये गेले. एका उरलेल्या पेटीने जवळपास आठ विकलेल्या पेट्यांचा नफा खाल्ला.

हिशोब मांडला तर २०० पैकी फक्त २३ पेट्या उरल्या की सगळा नफा शून्यावर येतो. ४० उरल्या तर १४ हजारांच्या आसपास तोटा. म्हणजे शंभरातल्या बारा पेट्यांवर सगळं टांगलेलं आहे.

'नो रिटर्न' या अटीची किंमत ती हीच. ही अट मान्य करताना होलसेलर वितरकाची जोखीम स्वतःच्या डोक्यावर घेतो आणि तिचा मोबदला भावातच मिळायला हवा. तो भाव ६६० पर्यंत खाली आणू शकला, तर नफा शून्यावर यायला ३७ पेट्या उराव्या लागतील. वितरकाचा तोटा २०० पेट्यांवर १२ हजारांनी वाढेल. दुसरा मार्ग म्हणजे भाव ७२० च ठेवायचा आणि १५० पेट्याच घ्यायच्या, म्हणजे पाच आठवड्यांच्या मुदतीत आठवडाभराहून जास्त वेळ मोकळा राहतो. यातलं काय निवडायचं ते दोघांनी ठरवायचं. पण घासाघीस या आकड्यांवर व्हायला हवी. नुसतं 'अजून पाच टक्के सोडा' म्हणून काही हाती लागत नाही.

ऑफरमध्ये काय लिहिलं पाहिजे?

बहुतेक भांडणं फोनवरच्या 'दोन महिने आहेत अजून' या एका वाक्यातून जन्माला येतात. दोन महिने कधीपासून, ऑर्डरच्या दिवसापासून की माल पोहोचल्यापासून? सगळ्या पेट्या एकाच बॅचच्या, की वरच्या दोन एप्रिलच्या आणि खालच्या मार्चच्या? म्हणून ऑफर व्हॉट्सअ‍ॅपवर दिली तरी ती लेखी आणि स्पष्ट असावी. नमुना असा:

'क्रीम बिस्कीट, ४० पुड्यांची पेटी, एमआरपी पुड्याला ३० रु. बॅच क्रमांक सोबतच्या फोटोत. उत्पादन ६ ऑक्टोबर २०२५, मुदत ४ एप्रिल २०२६. सर्व पेट्या याच बॅचच्या. २०० पेट्या, भाव ७२० रु. अधिक ५ टक्के जीएसटी, गोदाम पोहोच. ३ फेब्रुवारीला माल पोहोचेल, त्या दिवशी ६० दिवस शिल्लक असतील. पेमेंट माल निघण्याआधी. ऑफर २ फेब्रुवारी दुपारपर्यंत. पेट्या कमी आल्या, फुटलेल्या निघाल्या किंवा बॅच वा तारीख वेगळी निघाली, तर ४८ तासांत फोटोसह कळवा, तेवढा माल बदलून देऊ किंवा पैसे परत करू. न खपलेला किंवा मुदत संपलेला माल परत घेतला जाणार नाही, त्याबद्दल बदली, वटाव किंवा क्रेडिट नोट मिळणार नाही.'

यातल्या तीन गोष्टींकडे नीट पाहायला हवं.

पहिली, शिल्लक दिवस माल पोहोचण्याच्या तारखेला मोजले आहेत. ट्रक चार दिवस अडकला, तर ते चार दिवस कोणाचे, हा वाद मिटतो. सात-आठ दिवस उशीर झाला तर होलसेलरचा एक अख्खा आठवडा जातो, म्हणजे ४० पेट्यांचा खप गेला. अशा वेळी ऑर्डर रद्द करण्याचा हक्क त्याने मागून ठेवावा.

दुसरी, परतीच्या दोन कारणांची फारकत केली आहे. माल खपला नाही म्हणून परत नाही, पण सांगितलेला माल आलाच नाही तर परत. या दोन्हींची सरमिसळ करणारी 'कोणत्याही कारणाने परत नाही' अशी सरसकट ओळ वितरकाला वाटते तितकी भक्कम नसते. अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम २६(४) नुसार विक्रेत्याला मालाच्या स्वरूपाची आणि दर्जाची लेखी हमी द्यावी लागते, आणि नुसतं बिलसुद्धा हमी मानलं जातं. फुटलेल्या, ओल लागलेल्या किंवा वेगळ्या तारखेच्या मालाची जबाबदारी एका ओळीने झटकता येत नाही.

तिसरी, पैसे आधी घेतले आहेत. माल उधारीवर दिला की 'नो रिटर्न' ला फारसा अर्थ उरत नाही. एप्रिलमध्ये होलसेलर वीस पेट्या बाजूला ठेवतो आणि पुढच्या बिलातून तेवढी रक्कम कापून पाठवतो. वितरकाला धंदा चालू ठेवायचा असतो, म्हणून तो गप्प बसतो. भाव कमी देण्याच्या बदल्यात रोख, हा या सौद्याचा अर्धा भाग आहे. सवलतही बिलातच दाखवावी, म्हणजे बिलावर ७२० हाच भाव यावा. 'बिल ९६० चं, बाकीचं नंतर बघू' असं ठरलं की जीएसटीचा आणि परतीचा, दोन्ही गुंते सुरू होतात.

माल मागच्या दाराने परत येतो तो असा

अट लिहिली, पैसे आले, तरीही वितरकाला एक गळती महिनाभराने कळते.

होलसेलरने माल शहरातल्या साठ-सत्तर किराणा दुकानांत दिला. त्यातल्या बऱ्याच दुकानांत वितरकाचा स्वतःचा सेल्समनही दर आठवड्याला जातो. एप्रिलमध्ये दुकानदार त्याच्यासमोर मुदत संपलेले दहा पुडे ठेवतो आणि म्हणतो, 'हे बदलून द्या.' पुडे कंपनीचेच आहेत, सेल्समन रोजचा आहे, तो पुडे घेतो. म्हणजे ज्या मालाचे वितरकाने पेटीमागे ७२० रुपये घेतले, तोच माल पूर्ण भावाने त्याच्याकडे परत आला.

हे घडतंय का, ते ओळखणं सोपं आहे. परतीच्या मालाच्या नोंदीत बॅच क्रमांक लिहिला जातो का, ते पाहावं. ऑफरमध्ये विकलेली बॅच परतीत दिसू लागली की गळती तिथेच आहे.

त्यावर उपाय असा की ती बॅच बिलावर लिहायची आणि पेटीच्या बाहेरच्या खोक्यावर 'विशेष भाव, परत नाही' असा शिक्का मारायचा. सेल्समनला बॅचची यादी द्यायची आणि वितरकाचं स्वतःचं बिल दाखवल्याशिवाय त्या बॅचचे पुडे घ्यायचे नाहीत. शिक्का फक्त खोक्यावर असावा. पुड्यावरचं लेबल, तारीख किंवा एमआरपी खोडायला, झाकायला परवानगी नाही. एमआरपी कमी करून दाखवायची असेल तर कमी भावाचं स्टिकर लावता येतं, पण मूळ एमआरपी त्याखाली झाकली जाता कामा नये.

होलसेलरनेही हीच साखळी पुढे न्यायला हवी. स्वतःला परतीचा हक्क नसताना दुकानदाराला 'नाही खपला तर बघू' म्हणणं म्हणजे ७५६ रुपयांची जोखीम आणखी वाढवणं. दुकानदाराला भाव सांगतानाच तारीख आणि 'परत नाही' हेही सांगावं. दुकानदाराने तो पुडा ३० ऐवजी २५ रुपयांना विकला आणि मुदत कधीची ते ग्राहकाला सांगितलं, तर तक्रारीला जागा उरत नाही.

अट कुठपर्यंत चालते?

'नो रिटर्न' हा दोघांमधला पैशांचा करार आहे. कायद्याची जबाबदारी त्याने हलत नाही. अन्नसुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम २७ मध्ये हे स्पष्ट आहे. मुदत संपल्यावर माल पुरवला तर होलसेलर किंवा वितरक जबाबदार, आणि मुदत संपल्यावर विकला तर विक्रेता जबाबदार. वितरकाने ३ फेब्रुवारीला ६० दिवस शिल्लक असलेला माल दिला, तर तारखेच्या बाबतीत तो मोकळा. ५ एप्रिलला होलसेलरने त्यातली एक पेटी दुकानात पाठवली, तर ती त्याच्या अंगावर. 'मला परत करता येत नव्हता म्हणून विकला' हा बचाव होऊ शकत नाही.

'बेस्ट बिफोर होतं, एक्स्पायरी नव्हती' हा बाजारात ऐकू येणारा युक्तिवादही आता चालत नाही. २०२० च्या लेबलिंग नियमांनुसार पाकिटावर 'एक्स्पायरी' किंवा 'यूज बाय' तारीख सक्तीची आहे. 'बेस्ट बिफोर' ऐच्छिक, म्हणजे हवी तर जास्तीची. हिशोब नेहमी एक्स्पायरीच्या तारखेवरच करायचा.

म्हणून अशा सौद्यात एक तारीख आणखी ठरलेली असावी, विक्री थांबवण्याची. या उदाहरणात होलसेलरसाठी ती १० मार्च आहे. त्या दिवशी ३० पेट्या उरल्या असतील, तर त्या आणखी पाडून ८६० ऐवजी ४०० ला, पण रोज मोठा खप असलेल्या दुकानांना द्यायच्या. कँटीन किंवा वसतिगृह, जिथे पेटी दोन दिवसांत संपते, तेही चालतं. ४ एप्रिलनंतर जे उरेल ते वेगळ्या जागी, 'विक्रीसाठी नाही' असं लिहून ठेवायचं, पुडे फोडून नष्ट करायचे आणि तारीख, बॅच, संख्या यांची नोंद फोटोसह ठेवायची. पुडे न फोडता भंगारात दिले तर ते नवी तारीख छापून पुन्हा बाजारात येण्याची भीती असते. मग तपास पेटीवरच्या बॅच क्रमांकावरून मागे येतो आणि ज्याच्याकडे नष्ट केल्याची नोंद नाही, त्याला उत्तर द्यावं लागतं.

आता ग्राहकाने काय पाहायचं? दुकानात ३० चा पुडा २५ ला मिळत असेल, तर फसवणूक झाली असं समजण्याचं कारण नाही. तारीख स्वच्छ वाचता येते का, तिच्यावर दुसरं स्टिकर किंवा खाडाखोड आहे का आणि त्या तारखेआधी पुडा घरात संपेल का, एवढं पाहायचं. तिन्हींचं उत्तर ठीक असेल, तर ते पाच रुपये वितरकाने सोसलेल्या २४० रुपयांमधूनच ग्राहकापर्यंत आलेले असतात.